तिमाही आढाव्याला ग्राहकाकडचे नेमके लोक कसे आणले: माझा अनुभव

आमची कंपनी औषधांचे छापील कार्टन बनवते. प्रेस बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत आहे आणि सगळ्यात मोठा ग्राहक सावलीकडचा एक औषध कारखाना. त्यांचं खातं मी सांभाळतो. दर तिमाहीला भेट व्हायची, पण ती खरेदी मॅनेजरांच्या केबिनमध्ये. चहा, दोन-तीन तक्रारी, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "बघतो, वर बोलून घेतो."

जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीचं त्यांचं सप्लायर स्कोअरकार्ड आलं, त्यात आमची वेळेवर आणि पूर्ण डिलिव्हरी ८० टक्के दाखवली होती. आमच्या नोंदीत तीच ९५ टक्के होती. एवढा फरक घेऊन बैठकीत बसलं की पूर्ण वेळ आकडा कुणाचा खरा यावरच जातो, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून निमंत्रण लिहायच्या आधी मी त्यांच्या प्लॅनिंगच्या मॅडमना फोन केला आणि त्यांची ओळीनिहाय यादी मागून घेतली.

तिमाहीत एकूण ६० ओळी होत्या. ओळ म्हणजे एका ऑर्डरमधला एक आयटम. आमच्या हिशेबाने ३ चुकल्या होत्या, त्यांच्या हिशेबाने १२. दोन्ही याद्या शेजारी ठेवून उरलेल्या ९ ओळी एकेक करून तपासल्या. दोन ओळींत माल थोडा कमी गेला होता. छपाईत कमी-जास्त मालाची सूट करारातच असते आणि आम्ही त्या सुटीच्या आत होतो, पण त्यांच्या सिस्टीमला ती सूट माहीतच नव्हती. बाकीच्या सात ओळींची गोष्ट वेगळी होती. पीओ, म्हणजे त्यांची खरेदी ऑर्डर, आली, डिलिव्हरीच्या बारा कामाच्या दिवसांचं घड्याळ सुरू झालं, पण आर्टवर्कवर सही नव्हती. मंजुरीशिवाय प्लेट बनवता येत नाही, आणि औषधाच्या कार्टनवर एक अक्षर चुकलं तरी अख्खा लॉट रद्द होतो, त्यामुळे अंदाजाने छापून ठेवण्याचा प्रश्नच नाही. सही यायची सातव्या-आठव्या दिवशी आणि उशीर लागायचा आमच्या नावावर.

बैठकीला कोण हवं, हेही या सात ओळींनीच सांगितलं. मी सातही फायली काढल्या आणि प्रत्येक मंजुरीवर शेवटची सही कुणाची आणि किती तारखेची ते पाहिलं. पॅकेजिंग डेव्हलपमेंटची सही दोन-तीन दिवसांत होत होती, क्यूएची, म्हणजे गुणवत्ता विभागाची, त्याच्या पाठोपाठ. अडकत होतं ते त्यांच्या मुख्य कार्यालयातल्या रेग्युलेटरी विभागात. खरेदी विभागाचा या सह्यांशी काही संबंधच नव्हता. ज्यांना आम्ही वर्षानुवर्षं भेटत होतो, त्यांच्या हातात हा निर्णय नव्हता. कुठल्याही ग्राहकाकडे निर्णय कोण घेतं हे पदनामावरून ठरवू नये, अडलेल्या कागदावरची शेवटची सही पाहावी, असं मी आता आमच्या नव्या मुलांना आवर्जून सांगतो.

तरीही खरेदी मॅनेजरांना वगळून वर जाणं मला मान्य नव्हतं. रोजचं काम त्यांच्याशीच आहे, आणि आपल्या डोक्यावरून कुणी गेलं की माणूस दुखावतो. ते दांडिया बाजारातले, आपलेच मराठी. मी भेटून सगळी यादी त्यांच्यासमोर ठेवली.

"अहो, प्लांट हेडना कशाला त्रास द्यायचा? मी आहे ना," ते म्हणाले.

"साहेब, या सात ओळींचा दोष तुमच्या विभागाच्या स्कोअरकार्डवरही दिसतोय," मी म्हटलं. "तुम्ही कितीही पाठपुरावा केलात तरी रेग्युलेटरीचं वेळापत्रक तुम्ही ठरवू शकणार नाही. ते प्लांट हेडच बोलू शकतील."

त्यांनी यादी पुन्हा वाचली आणि स्वतःच म्हणाले, "मग रेग्युलेटरीवाल्यांना व्हिडिओवर घ्या. आणि पत्र तुमच्या डायरेक्टरांकडून येऊ द्या, माझं नाव सीसीत ठेवा."

ही सूचना अगदी योग्य होती. प्लांट हेडना माझ्या नावाने मेल गेला असता तर तो खाली खरेदीकडेच फिरून आला असता. डायरेक्टरांच्या नावाने गेला, आणि ते स्वतः येणार हेही त्यात लिहिलं, म्हणून समोरूनही त्याच दर्जाचा माणूस येणं भाग झालं.

तारीख आधी फोनवर पक्की केली. ऑक्टोबरात बडोद्यात नवरात्रीचे गरबे उशिरापर्यंत चालतात, मग दिवाळीची सुट्टी, आणि महिनाअखेरीला कारखान्यात डिस्पॅचची घाई. दसरा आणि दिवाळी यांच्या मधला एक बुधवार, सकाळी अकरा ते साडेबारा, एवढाच वेळ सगळ्यांना जमत होता.

मेलचा मुख्य भाग असा होता:

"जुलै ते सप्टेंबर तिमाहीच्या आढाव्यासाठी आपणास निमंत्रण. या बैठकीत दोन निर्णय अपेक्षित आहेत. एक: बारा दिवसांची मुदत पीओच्या तारखेपासून मोजावी की आर्टवर्क मंजुरीच्या तारखेपासून? दोन: आर्टवर्क बदलल्यावर उरणाऱ्या जुन्या छापील मालाचा खर्च किती आठवड्यांपर्यंत आपण स्वीकाराल? पहिल्या निर्णयासाठी प्लांट हेड, क्यूए आणि रेग्युलेटरी, दुसऱ्यासाठी प्लॅनिंग आणि खरेदी प्रमुख उपस्थित असणे आवश्यक आहे. आमच्याकडून डायरेक्टर दोन्ही बाबतींत जागेवरच शब्द देतील. दोन्ही बाजूंनी जुळवलेली ओळीनिहाय यादी बैठकीच्या आठवडाभर आधी आपणास मिळेल."

त्याखाली वेळेची वाटणी दिली होती. आकड्यांना पंधरा मिनिटं, आमच्या तीन चुकलेल्या ओळी आणि त्यावरची दुरुस्ती यांना पंधरा, बाकी सगळा वेळ दोन निर्णयांना. डाय-कटिंग मशीन बंद पडल्यामुळे गेलेल्या त्या तीन ओळी मी मुद्दाम आधी ठेवल्या. आपलं आपण आधी मांडलं की पुढचं बोलणं समोरचा मोकळेपणाने ऐकतो.

डेटाच्या फाइलवर खूप विचार केला. वर एक पानाचा गोषवारा: दोन टक्केवाऱ्या आणि त्यांतल्या फरकाचं कारण. मागे बारा ओळी, प्रत्येकीपुढे पीओची तारीख, मंजुरीची तारीख, माल पोचल्याची तारीख. पाठवण्याआधी प्लॅनिंगच्या मॅडमनी ती तपासून "बरोबर आहे" असं मेलवर कळवलं होतं, ते गोषवाऱ्यात लिहिलं. आमची कॉस्टिंग शीट आणि मशीनवरचं दुसऱ्या ग्राहकांचं काम यांतलं काही त्यात नव्हतं. थकलेली बिलंही अजेंड्यावर घेतली नाहीत. प्लांट हेडसमोर थकबाकीचा विषय निघाला की खरेदीवाले बचावात जातात आणि मुख्य मुद्दा बाजूला पडतो. त्यासाठी अकाउंट्सचा वेगळा मेल गेला.

बैठकीत आकड्यांवर कुणी वाद घातला नाही. रेग्युलेटरीच्या मॅडम व्हिडिओवर म्हणाल्या की आर्टवर्क कुठल्या पीओसाठी आहे हे त्यांना दिसतच नाही, त्यामुळे घाई कशाची ते कळत नाही. प्लांट हेडनी तिथेच प्लॅनिंगला सांगितलं की प्रत्येक फाइलवर पीओची तारीख टाकायची. मुदत मंजुरीपासून मोजायचं ठरलं, मात्र मंजुरी चार दिवसांत देण्याची जबाबदारी त्यांनी घेतली. जुन्या मालाचं पूर्ण जमलं नाही. आम्ही सहा आठवडे मागितले, त्यांनी चार मान्य केले, तेही फक्त प्लॅनिंगने लेखी अंदाज दिलेल्या आयटमसाठी.

संध्याकाळीच मिनिट्स गेली, प्रत्येक ओळीपुढे माणूस आणि तारीख. पुढच्या तिमाहीचं निमंत्रणही त्याच मेलमध्ये टाकलं. जानेवारीत उत्तरायणाचे दिवस सोडून त्यानंतरचा आठवडा, आणि अजेंड्यावर पहिलाच विषय: चार दिवसांत किती मंजुऱ्या आल्या.