दिवाणजींनंतरचे पहिले विवरणपत्र

मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी सनदी लेखापाल म्हणून काम करते. ज्या प्रकरणाविषयी लिहीत आहे ते एका हार्डवेअर आणि रंगाच्या दुकानाचे आहे. दुकानाचे मालक माझ्या वडिलांच्या पिढीतले असल्यामुळे सारे गाव त्यांना अण्णा म्हणते आणि मीही तेच म्हणते. त्यांच्याकडे तीसएक वर्षे एकच दिवाणजी होते. रोजकीर्द, खतावणी, वर्षाअखेरचा ताळेबंद, सारे त्यांच्या हातचे असे. मार्च २०२१ अखेरचे हिशेब त्यांनी पुरे केले आणि मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ते गेले.

त्यानंतर वर्षभर दुकानात कीर्द लिहिली गेली नाही. जुलै २०२२ मध्ये अण्णा आयकर विवरणपत्रासाठी आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत खरेदीची बिले, विक्रीच्या बिलांची पुस्तके, बँकेचे उतारे आणि लाल कापडी पुठ्ठ्याची उधारीची वही एवढेच होते. उलाढाल १ कोटी १८ लाखांची झाली होती. त्यातले ६२ लाख यूपीआय, धनादेश आणि बँकेच्या अन्य मार्गांनी आले होते, ५० लाख रोखीने आले होते आणि ६ लाखांची उधारी ३१ मार्चला येणे होती. नेहमीच्या पद्धतीने विवरणपत्र भरायचे तर उलाढाल १ कोटीच्या वर आणि रोखीचे प्रमाण ५ टक्क्यांहून कितीतरी अधिक, म्हणजे लेखापरीक्षण अटळ होते. आणि ज्या हिशेबाचे परीक्षण करायचे तो हिशेबच नव्हता. कलम ४४एडी, म्हणजे अनुमानित नफ्याची पद्धत, २ कोटींपर्यंतच्या उलाढालीला खुली होती. बँकेतून आलेल्या ६२ लाखांवर ६ टक्के म्हणजे ३ लाख ७२ हजार, उरलेल्या ५६ लाखांवर ८ टक्के म्हणजे ४ लाख ४८ हजार, असा एकूण ८ लाख २० हजारांचा नफा दाखवून आम्ही या पद्धतीचा विवरणपत्राचा नमुना, आयटीआर-४, भरला. आदल्या वर्षी ९६ लाखांच्या उलाढालीवर वहीप्रमाणे नफा सुमारे ५ टक्के होता, त्यामुळे कर बराच वाढला. अण्णांनी तो कुरकुर न करता भरला. या पद्धतीत एकदा शिरल्यावर पुढच्या पाच वर्षांत कधी बाहेर पडलो तर त्यापुढची पाच वर्षे तिचे दार बंद होते आणि करपात्र मर्यादेपेक्षा उत्पन्न अधिक असल्यास हिशेब व लेखापरीक्षण दोन्ही मानगुटीवर बसते, हेही मी त्यांना त्याच दिवशी लिहून दिले होते.

जून २०२३ मध्ये आयकर खात्याची छाननीची नोटीस आली. चालू खात्यात वर्षभरात ५२ लाख २० हजारांची रोकड भरली गेली होती आणि विवरणपत्रातली रोख विक्री त्याहून कमी होती. पुढच्या प्रश्नावलीत कॅशबुक, खतावणी आणि साठ्याची नोंदवही मागितली होती. अण्णा ती वाचून माझ्याकडे आले आणि खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले, "मॅडम, भाच्याला बसवतो. बिले आहेतच, महिन्याभरात अख्ख्या वर्षाची वही लिहून काढतो." मी त्यांना जरा कठोरपणेच थांबवले. नंतर लिहिलेली वही त्याच वर्षीची म्हणून सादर करणे हा खोटेपणा झाला असता. त्यातली एक जरी नोंद खोटी निघाली तरी तेवढ्याच रकमेच्या दंडाची तरतूद २०२० पासून कायद्यात आहे. शिवाय, वही नव्हती हा त्यांचा दोष नव्हताच. जो नव्हता तो दोष झाकण्यासाठी आपण खरा दोष करून बसलो असतो.

त्यांची दुसरी सूचना अशी होती की दिवाणजी वारले म्हणून वह्या राहिल्या, हेच कारण कळवावे. कारण खरे होते आणि ऐकणाऱ्याच्या मनाला भिडणारेही होते, तरीही उत्तराची सुरुवात त्याने करायला मी तयार नव्हते. असे कारण पुढे केले की वही ठेवणे आपले कर्तव्य होते आणि ते आपल्याकडून चुकले, हे आपणच कबूल करतो. मग अधिकाऱ्याला फक्त सबब पुरेशी आहे की नाही एवढेच ठरवायचे उरते. आमचे म्हणणे त्याच्या आधीचे होते, की वही ठेवणे बंधनकारकच नव्हते. या पद्धतीतल्या व्यापाऱ्याला कलम ४४एए खालच्या हिशेबाच्या वह्यांतून सूट देण्याचा हेतू २००९ च्या वित्त विधेयकासोबतच्या टिपणात स्पष्ट लिहिलेला आहे. कलमाच्या मजकुरात मात्र तो तितका स्वच्छ उतरलेला नाही, आणि माझ्या मते अर्धे वाद इथूनच उगवतात. म्हणून मी आधी कायदा, मग टिपण आणि शेवटच्या परिच्छेदात दिवाणजींचा उल्लेख, अशा क्रमाने उत्तर लिहिले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कारणे दाखवा नोटीस आली. त्या वर्षातल्या इतर भरण्यांवर फारसे बोट ठेवलेले नव्हते. सारा भर ९ एप्रिल २०२१ च्या ४ लाख ६० हजारांच्या एका भरण्यावर होता. राज्यातली अत्यावश्यक नसलेली दुकाने ५ एप्रिलच्या रात्रीपासून बंद झाली होती. मग वर्षाच्या पहिल्या नऊ दिवसांत, त्यातही दुकान जेमतेम पाच दिवस उघडे असताना, एवढी रोकड आली कुठून, असा तो प्रश्न होता. ती संपूर्ण रक्कम अस्पष्टीकृत, म्हणजे स्रोत न सांगता आलेली, धरून त्यावर अधिभार व उपकरासह ७८ टक्के दराने कर लावण्याचा आणि वह्या न ठेवल्याबद्दल कलम २७१ए खाली २५ हजारांच्या दंडाचा प्रस्ताव होता. आम्ही दृक्‌श्राव्य सुनावणी मागितली आणि ती मिळाली.

सुनावणीच्या दिवशी अण्णा इस्त्रीचा सदरा घालून माझ्या कचेरीत आले. लाल वही त्यांनी रुमालात गुंडाळून आणली होती. ती दाखवायची की नाही यावर आमचा आदल्या दिवशी वाद झाला होता. एकीकडे वही नाही म्हणायचे आणि दुसरीकडे वहीच पुढे करायची, हे त्यांना विसंगत वाटत होते. मी त्यांना समजावले की कोणाकडून किती येणे आहे याची टिपणवही म्हणजे नियमित हिशेब नव्हे. तिच्यावरून नफा निघत नाही, रोजची शिल्लक निघत नाही. ती लपवली तर मात्र आपल्याकडे पुरावा म्हणून काहीच उरत नाही.

अधिकाऱ्यांनी हिंदीत सुरुवात केली. त्यांचा पहिलाच प्रश्न इतका नेमका होता की मला मनातून दाद द्यावीशी वाटली. आयटीआर-४ मध्ये येणे रक्कम ७ लाख ३० हजार, तसेच देणी, शिल्लक माल आणि हातातली रोकड असे आकडे भरलेले आहेत. वह्याच नाहीत तर हे आकडे आले कुठून? मी एकेक सांगत गेले. माल ३१ मार्चला मोजला होता आणि मोजणीचे सहीचे कागद होते. देणी पुरवठादारांच्या खातेउताऱ्यांवरून घेतली होती. गल्ला त्याच संध्याकाळी मोजला होता. येणे रक्कम या उधारीच्या वहीच्या बेरजेवरून होती, त्यातले ६ लाख त्या वर्षाचे आणि १ लाख ३० हजार त्याआधीचे. नमुना वर्षाअखेरची स्थिती विचारतो आणि ती मोजून सांगता येते. तेवढ्यावरून रोजकीर्द असायलाच हवी असे ठरत नाही. त्यांनी टिपून घेतले आणि यावर पुन्हा विचारले नाही.

मग ९ एप्रिल. उलाढालीशी जुळणाऱ्या भरण्यांची अनुमानित पद्धतीत नोंदवार फोड मागता येत नाही, असा पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचा २०१० मधला निर्णय आम्ही जोडला होता. पण तो इथे पुरा पडत नाही हे मला ठाऊक होते. ही रक्कम त्या वर्षीच्या विक्रीची नव्हतीच, आणि विक्रीच्या बाहेरच्या पैशाला ४४एडीचे छत्र नसते. आम्हाला आधार होता तो दिवाणजींच्या शेवटच्या ताळेबंदाचा. त्यात ३१ मार्च २०२१ ची रोख शिल्लक १ लाख ८५ हजार होती. एप्रिलच्या पहिल्या पाच दिवसांची रोख विक्री बिलांप्रमाणे ३८ हजार. उरलेले २ लाख ३७ हजार म्हणजे जुन्या उधारीची वसुली. ताळेबंदासोबत ९ लाख ४० हजारांच्या येणे रकमेची नावनिशीवार यादी होती. तिची विक्री आदल्या वर्षी धरली गेली होती आणि तिच्यावरचा नफा त्याच वर्षीच्या विवरणपत्रात आला होता. पाडवा १३ एप्रिलला होता. आमच्याकडे गवंडी, रंगारी आणि छोटे ठेकेदार पाडव्याच्या आत मागची बाकी चुकती करतात. अधिकाऱ्यांना ही रीत नवी वाटली असावी, कारण त्यांनी वही कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितली.

अण्णांनी रुमाल सोडला. पान उघडून दोन्ही हातांनी वही धरली, तेव्हा एका रंगाऱ्याच्या नावापुढे "२२,५०० रोख पावले" आणि त्याखाली निळ्या शाईचा अंगठा दिसत होता. अधिकाऱ्यांनी यादीतले तेच नाव आणि बाकी आपल्या पडद्यावर पाहिली. अशी अकरा नावे जुळली. एकूण १ लाख ७५ हजार. राहिलेले ६२ हजार एका ठेकेदाराचे होते. त्याची नोंद वहीत होती, पण सही नव्हती, आणि यादीत त्याच्या नावावर काही येणेच दिसत नव्हते. अण्णा म्हणाले, "साहेब, त्याने भावाच्या नावाने माल नेला होता." तो भाऊ यादीत होता, पण त्याची बाकी वहीत अजून उभीच होती. दोन जागी दोन तऱ्हा. याला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि मी ते बनवलेही नाही. शक्य असल्यास भावाचे लेखी निवेदन देऊ, एवढेच म्हणाले. तो भाऊ कामासाठी परराज्यात गेला होता आणि निवेदन मुदतीत आले नाही.

सुनावणी चाळीस मिनिटांत संपली. शेवटी अधिकाऱ्यांनी विचारले की वह्या ठेवायची सवय असलेल्या माणसाने त्या एकदम का सोडल्या. तेव्हा मात्र मी अण्णांनाच बोलू दिले. ते दिवाणजींविषयी दोन वाक्ये बोलले आणि गप्प झाले.

मार्चअखेरीस आदेश आला. ३ लाख ९८ हजारांचे स्पष्टीकरण मान्य झाले, अनुमानित नफा जसाच्या तसा स्वीकारला गेला आणि २७१ए च्या दंडाचा प्रस्ताव सोडून दिला गेला. उत्पन्नात ६२ हजारांची भर मात्र पडली. त्यावर ४८,३६० रुपये कर आणि वेगळे व्याज. अपिलात गेलो असतो तर कदाचित सुटलो असतो, पण भावाची बाकी वहीत उभी असताना मला खात्री वाटत नव्हती, आणि अण्णांनाही पुन्हा तोच पाढा नको होता. त्यांनी भरणा केला आणि जाताना विचारले की आता वही सुरू करावी का. मी म्हटले, कीर्द नको असेल तर नका लिहू, पण गल्ला रोज रात्री मोजून एका कॅलेंडरवर आकडा लिहा आणि उधारी वसूल झाली की ज्याच्या नावावर बाकी आहे त्याच्याच नावापुढे सही घ्या. हल्ली दुकानात गेले की गल्ल्यामागे ते कॅलेंडर दिसते. रविवारच्या चौकोनातही आकडा असतो.