दाराशी थांबून ऐकलेलं

"कार्यक्रमातच आभार मानले ना? मग पाहुण्यांना पुन्हा पत्र कशाला? आणि त्यात एवढं लिहिता तरी काय?"

व्यासपीठावरचे आभार हा रिवाज असतो. 'अमूल्य वेळ', 'ओघवती शैली' हे शब्द कुठल्याही पाहुण्यांना चालतात. बोलण्यातलं नेमकं काय कुणाला भिडलं, हे वक्त्याला कळतच नाही. पत्रात मी तेच लिहिते.

एका डॉक्टर बाईंचं पॅलिएटिव्ह केअरवर, म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या उपचारांवर व्याख्यान होतं. १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स यांचा आग्रह त्यांनी समजावून सांगितला. कॅन्सरच्या रुग्णाची वेदना उफाळायची वाट पाहायची नाही, मॉर्फिन ठरलेल्या वेळी द्यायचं, म्हणजे वेदना आटोक्यात राहते. व्यसन लागेल या धास्तीने नातेवाईक डोस लांबवतात आणि रुग्ण विनाकारण सोसत राहतो, असंही त्या म्हणाल्या. सभागृह एकदम गप्प झालं. शेवटी एकही प्रश्न आला नाही, आणि डॉक्टर उतरलेल्या चेहऱ्याने निघून गेल्या.

मी नेहमीप्रमाणे दाराशी थांबून विचारत होते, "काय लक्षात राहिलं?" एका बाईंनी मला बाजूला घेतलं. "वडिलांचा डोस मी लांबवत राहिले. कण्हायला लागले की मगच द्यायचे. सवय लागेल असं वाटायचं हो," एवढं बोलून त्या बराच वेळ भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. हे डॉक्टरांना कळवू का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "कळवा, फक्त नाव नको." दुसऱ्या दिवशी पत्राची सुरुवातच मी तिथून केली:

"वेदनेची वाट न पाहता औषध द्यायचं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा सभागृहात वडिलांची शुश्रूषा केलेली एक मुलगी बसली होती. ती प्रश्न विचारूच शकत नव्हती."

त्यापुढे तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले. डॉक्टरांचं उत्तर आलं, "कुणी काहीच विचारलं नाही, म्हणून हा भाग पुढच्या वेळी गाळणार होते. आता ठेवते."

याला खुशामत म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्याच पत्रात मी एका परिचारिकेची तक्रारही घातली होती: "मॉर्फिन वेळेवर द्या म्हणता, पण अनेकांना ते मिळतच नाही, त्याबद्दल बोलला नाहीत." आभाराच्या पत्रात फक्त गोड असावं, असं मीही पूर्वी मानायचे. आज वाटतं, ज्याचं बोलणं मनावर घेतलं, त्यालाच हे सांगावं. तरी पाकीट बंद करताना दर वेळी तो परिच्छेद मी पुन्हा वाचते, आणि कधी कधी काढूनही टाकते.

आणि त्या बाईंचं? परवानगी होती, हे खरं. पण त्या क्षणी त्यांनी कशालाही हो म्हटलं असतं, असं मला अजून वाटतं.