ताईंचा चार्जर आणि माझा माफीचा ईमेल

माझा चार्जर घरी राहिला होता, म्हणून ऑफिसातल्या मनीषाताईंचा मागून घेतला. फिरत्या खुर्चीचं चाक त्याच्या वायरीवरून गेलं. लॅपटॉप सुरूच होता, त्यामुळे आधी वाटलं वाचलो. पण बॅटरीच्या चिन्हावर बाण नेला तर plugged in, not charging.

या चार्जरच्या गोल पिनेत मधोमध सुईसारखं टोक असतं. वीज दोन वायरींतून जाते. तिसरी बारीक वायर फक्त ‘मी अमुक वॉटचा चार्जर’ अशी ओळख सांगते. नेमकी तीच तुटली की लॅपटॉप चालतो, बॅटरी मात्र भरत नाही. नवी पेठेतला दुकानदार म्हणाला, “कापून जोड देतो की.” माझा असता तर दिला असता. दुसऱ्याच्या वस्तूला चिकटपट्टी लावून परत कशी द्यायची?

ताई रजेवर बार्शीला होत्या. फोनवर आकडे सांगण्यापेक्षा ईमेल बरा वाटला. ‘सॉरी ताई, नवीन घेऊन देतो’ एवढंच आधी लिहिलं होतं. पण नवीन म्हणजे कोणता? दुकानात त्याच कंपनीचे दोन ओरिजिनल होते, दोघांची पिन तीच आणि व्होल्टही १९.५च. फक्त एकावर २.३१ अँपिअर, म्हणजे ४५ वॉट. तो स्वस्त होता आणि बसलाही असता, पण ६५ वॉट मागणारा लॅपटॉप त्यावर रडतखडत चार्ज होतो. व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर जास्त चालतात, कमी नाही. मग जुन्या चार्जरच्या लेबलाचा फोटो काढला आणि लिहिलं:

“मनीषाताई, नमस्कार. तुमच्या चार्जरची वायर काल माझ्या खुर्चीच्या चाकाखाली चेपली. आता त्याने बॅटरी चार्ज होत नाही. चूक माझी, माफ करा. त्याच कंपनीचा ओरिजिनल घेऊन देतो: आउटपुट १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर, ६५ वॉट, पिन ४.५ मिमी, मधे सुई असलेली. जुन्या लेबलाचा आणि पिनेचा फोटो जोडलाय. तुमच्या लॅपटॉपखालच्या लेबलावर हेच आकडे आहेत का, तेवढं बघून कळवा. तुम्ही सोमवारी याल तेव्हा टेबलावर असेल. पैशांचं काही बोलू नका.”

‘घाईत होतो’, ‘वायर आधीच जुनी होती’ वगैरे लिहायचा मोह झाला होता. वायर खरंच जुनी होती, पण ते लिहिलं असतं तर माफीचं भांडण झालं असतं.

संध्याकाळी उत्तर आलं: “आकडे तेच आहेत. बिल माझ्या नावाने घ्या, वॉरंटीला लागेल. आणि वायर जरा लांब मिळते का बघा, माझं टेबल प्लगपासून दूर आहे.” लांब वायरीचा ओरिजिनल मिळाला नाही. भिंतीपासून चार्जरच्या डबीपर्यंतची वायर सुटी निघते, ती तेवढी लांब घेतली.