नफा नऊ लाख, मग पैसा कुठी गेला?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं हे काम. सभासदांची तूर घ्यायची, डाळ काढायची, व्यापाऱ्यांना विकायची. पेरणीच्या वेळी सभासदांना खत-बियाणं उधारीवर द्यायचं. कॅश क्रेडिटची, म्हणजे बँकेकडच्या खेळत्या कर्जाची मर्यादा वाढवायला बँकेने कॅश फ्लो स्टेटमेंट मागितलं होतं: वर्षभरात पैसा कुठून आला, कुठे गेला याचं पत्रक. ते आमच्या लेखापरीक्षकांच्या ऑफिसात येण्याआधीच एका सल्लागाराने एक्सेलमध्ये करून दिलं होतं. आम्हाला फक्त तपासून सही करायची होती. ‘फक्त’ हा शब्द सल्लागाराचा.

कागद पुढ्यात ठेवताना अध्यक्षांनी विचारलं, “मॅडम, नफा नऊ लाख दाखोला, तं पैसा कुठी गेला? खात्यात तं तीनच लाख हायेत.”

ऑफिसात बहुतेकांना हा प्रश्न अडाणीपणाचा वाटतो. मला तो नेमका वाटतो, कारण हे पत्रक असतं ते याच प्रश्नासाठी.

सल्लागाराचं पत्रक अप्रत्यक्ष पद्धतीचं होतं. नफ्यापासून सुरुवात करून मागे जायचं. कर किरकोळ होता, तो बाजूला ठेवते. नफा ९ लाख, त्यात घसारा, म्हणजे यंत्रांच्या झिजेचा कागदोपत्री खर्च, ६ आणि व्याज ७ परत मिळवलेलं. येणं १६ लाखांवरून ४५ वर गेलं म्हणून २९ वजा. साठा १८ वरून ४२ झाला म्हणून २४ वजा. देणं १० वरून २१ झालं म्हणून ११ अधिक. रोजच्या धंद्यातल्या रोकडीचं उत्तर उणे २० लाख. पुढे यंत्रखरेदी उणे २०, कॅश क्रेडिटची वाढ ३८, नवे भाग ५, व्याज उणे ७. एकूण उणे ४. सुरुवातीला ७ लाख होते, अखेरीस ३ राहिले. पासबुकाशी चोख जुळत होतं.

“जुळलं ना, मग झालं,” आमचे सीनियर म्हणाले. ताळेबंद जुळला की प्रश्न संपतात अशी त्यांची श्रद्धा आहे.

पण अध्यक्षांना ‘घसारा अधिक ६’ पटेना. घसाऱ्याने पैसा कसा आला म्हणे? त्यांना समजावं म्हणून मी रोजकीर्द मागवली आणि प्रत्यक्ष पद्धतीने मांडायला बसले. यात नफ्याचं नावच घ्यायचं नाही. कोणाकडून किती पैसे आले, कोणाला किती गेले, एवढंच. मांडणी सोपी, पण करणारा थकतो. बँकेतून रोख काढल्याच्या सगळ्या कॉन्ट्रा नोंदी गाळाव्या लागतात, नाहीतर तोच पैसा दोनदा मोजला जातो. कर्ज, व्याज आणि यंत्राचे चेक वेगळे काढायचे. हमाली, बारदाना, वीजबिल एकीकडे आणि तुरीचे चुकारे दुसरीकडे.

गिऱ्हाइकांकडून आले २०५ लाख. शेतकऱ्यांना व खत-बियाण्याच्या पुरवठादारांना गेले २०३. खर्चाचे ३०. म्हणजे उणे २८.

एकीकडे उणे २०, दुसरीकडे उणे २८. वर्ष तेच, वह्या त्याच. इथे एक आकडा चूकच असणार, कारण या दोन पद्धती दोन वेगळी मोजमापं नाहीतच. नफा-तोट्याची प्रत्येक ओळ तिच्या ताळेबंदातल्या जोडीदारासोबत ठेवून पाहा. विक्री २४० लाख, पण येणं २९ ने वाढलं, म्हणजे वसुली २११. विकलेल्या मालाची किंमत १८८. साठा २४ ने वाढला म्हणजे खरेदी २१२ ची. घसारा खर्चात ६, पण चेक कोणालाच दिलेला नाही, म्हणून ६ वजा ६, शून्य. प्रत्यक्ष पद्धतीत घसाऱ्याची ओळ नसते ती यामुळे. अप्रत्यक्ष पद्धतीत आधी साऱ्या ओळींची बेरीज करून नफा काढतात आणि दुरुस्त्या नंतर एकगठ्ठा करतात; प्रत्यक्ष पद्धतीत ओळ-ओळ दुरुस्त करून मग बेरीज. बेरजेचा क्रम बदलल्याने उत्तर बदलत नाही. घसाऱ्याचा ‘अधिक’ हा पैसा नव्हेच. नफा काढताना लावलेला ‘वजा’ तेवढा तो पुसतो.

मग आठ लाख कुठे? देण्यांची यादी उघडली. शेतकरी, बारदानावाला, खतवाला, आणि त्यांच्यात रंगावरून डाळ निवडणाऱ्या कलर सॉर्टर यंत्राचा पुरवठादार: ८ लाख. यंत्र २० लाखांचं, दिलेले १२. उरलेले ८ सॉफ्टवेअरमध्ये सरसकट ‘संड्री क्रेडिटर्स’, म्हणजे मालाच्या देण्यांच्या गटात पडले होते. त्यामुळे सल्लागाराला वाटलं की माल उधारीवर मिळाल्याने कंपनीचे ८ लाख वाचले. यंत्राचं देणं बाहेर काढलं की मालाचं देणं १० वरून १३ च होतं, वाढ ३. नफ्यापासून पुन्हा मोजलं: ९, ६, ७ आणि ३ अधिक, २९ आणि २४ वजा. उणे २८.

आणि यंत्रावर गेलेली रोकडही २० नव्हे, १२. चुकीच्या पत्रकात २० आणि २०, बरोबर पत्रकात २८ आणि १२. बेरीज दोन्हीकडे ४०. म्हणून तर पासबुकाशी जुळत होतं! अखेरची शिल्लक जुळली याचा अर्थ पैसा योग्य कप्प्यात पडला असा होत नाही, हे त्या सल्लागाराला कोणी कधी सांगितलं नसावं. बँकेला मात्र नेमकं हेच पाहायचं असतं की रोजच्या धंद्यात पैसा किती अडकला. तिथे ८ लाखांचा फरक म्हणजे मर्यादेचा हिशेबच वेगळा.

अध्यक्षांनी मात्र दुसरीच गोष्ट पकडली. “तुमी म्हणता वसुली २११, वहीत २०५. सहा लाख कुठी?” ताळेबंदावरून काढलं तर शेतकऱ्यांकडेही २१२ अधिक १० वजा १३, म्हणजे २०९ जायला हवे; वहीत २०३. दोन्हीकडे सहाच. हे सभासदांच्या खताचे. खत उधार दिलं, तूर आली तेव्हा चुकाऱ्यातून वळतं केलं. जर्नल नोंदीने येणं-देणं दोन्ही फिटलं, रोकड हललीच नाही. निव्वळ आकडा तोच राहतो, ओळी मात्र फुगतात. म्हणून खरी प्रत्यक्ष पद्धत रोजकीर्दीवरून करावी. येणं-देण्याच्या फरकावरून करायची तर अशा वळत्या नोंदी आधी काढून टाकाव्यात. ताळेबंदावरून काढलेले आकडे ‘प्रत्यक्ष’ म्हणून छापणारे पुष्कळ आहेत.

लेखा मानक ३ दोन्ही पद्धती मान्य करतं. सूचीबद्ध कंपन्यांना सेबीने अप्रत्यक्षच बंधनकारक केली, म्हणून सगळीकडे तीच शिकवतात, तीच छापतात. बँकेलाही तीच दिली, दुरुस्त करून. ‘आधीच्यात उणे २० होतं, आता उणे २८ कसं’ असं पत्र आलं, त्याला यंत्राचं बिल जोडून उत्तर पाठवलं. आमसभेसाठी अध्यक्षांनी प्रत्यक्ष पद्धतीचं मागून नेलं. “हे लोकायले समजते. त्यात घसारा नाही.”

मला अजून सुटलेलं नाही ते निराळंच. उणे २८ मधले २९ तर एकट्या येण्यातच आहेत. ४५ लाखांच्या येण्याची यादी काढली, तर मोठा भाग एकाच डाळ व्यापाऱ्याकडे, तोही गेल्या हंगामापासूनचा. हे दोन्ही पत्रकांत दिसत नाही: एकात ‘येण्यातली वाढ’ म्हणून विरघळलं, दुसऱ्यात न आलेल्या पैशाला ओळच नाही. अध्यक्षांना ती यादी दिली. त्यांनी नाव वाचलं आणि म्हणाले, “हा तं आपल्याच संचालकाचा साळा हाय.”