म्हाताऱ्या बैलाने घेतलेला तास

तलाठी आणि पोलीस भरतीच्या मुलांना मी व्याकरण शिकवतो. त्या दिवशी सराव पेपरात एक वाक्य दिलं होतं: ‘म्हाताऱ्या बैलाला हिरवा चारा फार आवडतो.’ उद्देश्य ओळखा. पर्याय: बैलाला, म्हाताऱ्या बैलाला, चारा, हिरवा चारा. वर्गातल्या बहुतेकांनी पहिल्या दोनांपैकी एक निवडला होता.

मी ‘चारा’ म्हटल्यावर मागच्या बाकावरची मुलगी उठली. “सर, आवड कुणाची? बैलाची. ज्याच्याबद्दल बोलतो ते उद्देश्य, हे तुम्हीच लिहून दिलंय.” खरं होतं. ती व्याख्याच इथे घात करते आणि पेपर काढणाराही तिच्यावरच विसंबून ‘बैलाला’ सगळ्यात वर ठेवतो.

मी फळ्यावर बैलाच्या जागी गाय लिहिली. ‘गायीला चारा आवडतो.’ क्रियापद हललं नाही. मग चाऱ्याच्या जागी वैरण. ‘बैलाला वैरण आवडते.’ लगेच बदललं. “क्रियापद कुणाचं ऐकतं बघा,” मी जरा ऐटीत म्हणालो.

“मग ‘सीमाने आंबा खाल्ला’ यात क्रियापद आंब्याचं ऐकतं,” ती म्हणाली. “पोळी असती तर खाल्ली. उद्देश्य आंबा का?”

वर्ग हसला. मीही गप्प झालो, कारण ती बरोबर होती. कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, त्यामुळे माझी युक्ती तिथे तोंडावर आपटते. म्हणून मी जुन्या वाटेला आलो: क्रियापदातला धातू काढायचा, त्याला ‘णारा’ लावायचा आणि कोण किंवा काय असं विचारायचं. खाणारी कोण? सीमा. आवडणारा काय? चारा. दोन्हीकडे उत्तर सरळ निघतं. ‘बैलाला’ मात्र विधेय विभागात जातं.

चौथा पर्याय निवडणारेही तीन-चार होते. त्यांची चूक वेगळीच. ‘हिरवा’ हा उद्देश्याचा विस्तार. प्रश्नात ‘उद्देश्य विभाग’ असता, तर ‘हिरवा चारा’ हेच उत्तर बरोबर ठरलं असतं. नुसतं ‘उद्देश्य’ विचारल्यावर एकच शब्द. विधेयाचंही तसंच: विधेय म्हणजे ‘आवडतो’, आणि ‘फार’ हा त्याचा विस्तार. ‘विभाग’ हा एक शब्द घाईत वाचायचा राहतो. माझा अनुभव असा, की बरेच गुण व्याकरण न आल्यामुळे जात नाहीत, या शब्दापायी जातात.

तास सुटला तरी ती जागची हलली नव्हती. वहीत काहीतरी लिहून माझ्यासमोर धरलं: ‘मला थंडी वाजते.’

“वाजणारी काय?” मी विचारलं.

“थंडी.” आणि मग वैतागून, “म्हणजे कुडकुडायचं मी, आणि उद्देश्य थंडी?”

“हो,” म्हटलं.