अमेरिकेहून आलेल्या बाटल्या आणि त्यांवरची ती चौकट

माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत राहतो. सुट्टीत पुण्याला येताना तो आईसाठी सप्लिमेंटच्या बाटल्या घेऊन येतो. या वेळी त्याने तीन बाटल्या आणल्या होत्या: एक कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक आणि जीवनसत्त्व ‘ड-३’ यांची, दुसरी जीवनसत्त्व ‘ब-१२’ची आणि तिसरी सांध्यांसाठी म्हणून हळद व इतर वनस्पतींची. आईचे वय अडुसष्ट आहे. तिच्या डॉक्टरांनी आधीच कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचे ६०,००० आययूचे पाकीट आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे घ्यायला सांगितले होते. तेव्हा बाटल्या उघडण्याआधी त्यांच्यात नेमके काय आणि किती आहे, आणि इथल्या औषधांत ते मिळवले तर बेरीज कुठे जाते, हे कागदावर मांडायचे मी ठरवले.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सप्लिमेंटच्या बाटलीवर मागच्या किंवा बाजूच्या अंगाला ‘सप्लिमेंट फॅक्ट्स’ या मथळ्याची काळ्या रेघांची चौकट असते. तिच्यात काय आणि कोणत्या रीतीने छापायचे, हे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांनी ठरते. मात्र १९९४ च्या कायद्यानुसार सप्लिमेंट बाजारात आणण्यापूर्वी औषधासारखी मंजुरी घ्यावी लागत नाही. म्हणून चौकटीतला आकडा हे उत्पादकाचे विधान आहे, एवढे ध्यानात ठेवून मी वाचायला बसले. बाटलीच्या दर्शनी भागाकडे मी मुद्दामच दुर्लक्ष केले, कारण तिथे सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो तो आकडा एका गोळीचा की तीन गोळ्यांचा, हे पुष्कळदा तिथे कळत नाही.

ते कळते चौकटीच्या पहिल्या ओळीत, ‘सर्व्हिंग साइज’ या शब्दांपुढे. कॅल्शियमच्या बाटलीवर तिथे ‘तीन गोळ्या’ असे छापलेले होते. त्याखाली कॅल्शियम १००० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम ४०० मिलिग्रॅम, झिंक २५ मिलिग्रॅम आणि जीवनसत्त्व ‘ड-३’ १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६०० आययू, असे आकडे होते. हे सगळे तीन गोळ्यांचे मिळून आहेत. मी प्रत्येकाला तीनने भागले आणि एका गोळीचा हिशेब शेजारी लिहिला: कॅल्शियम सुमारे ३३३, मॅग्नेशियम १३३, झिंक ८.३ मिलिग्रॅम आणि ‘ड’ २०० आययू. भावाने फोनवर आईला “रोज एक घे” असे सांगितले होते आणि त्या एका गोळीत हजार मिलिग्रॅम कॅल्शियम जाते अशी त्याची समजूत होती. दुसरीकडे, आईने चौकटीप्रमाणे तीन घेतल्या असत्या तर चित्र अगदी वेगळे झाले असते. म्हणून पुढचा सारा हिशेब मी एका गोळीचा आणि तीन गोळ्यांचा असा दोन रकान्यांत केला.

यानंतरचा प्रश्न होता हे हजार मिलिग्रॅम कशाचे, हा. चौकटीत कॅल्शियमच्या नावापुढे कंसात ‘ॲज कॅल्शियम कार्बोनेट’ असे होते. इथल्या औषधाच्या पट्टीवर ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम, इक्विव्हॅलंट टू एलेमेंटल कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम’ अशी ओळ असते. म्हणजे आधी संपूर्ण क्षाराचे वजन आणि मग त्यातल्या निव्वळ कॅल्शियमचे. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये वजनाच्या चाळीस टक्के कॅल्शियम असते, त्यामुळे पट्टीवरचे दोन्ही आकडे जुळतात. अमेरिकी चौकटीत मात्र नियमाने निव्वळ मूलद्रव्याचेच वजन द्यायचे असते आणि कंसातले नाव फक्त ते कोणत्या रूपात घातले आहे हे सांगते. म्हणजे १००० हे निव्वळ कॅल्शियमच आहे, त्याचे पुन्हा चाळीस टक्के काढायचे नाहीत. बेरीज करताना अमेरिकी चौकटीतला आकडा आणि इथल्या पट्टीवरचा ‘एलेमेंटल’ हा आकडा एकमेकांत मिळवायचा; पट्टीवरचा १२५० हा आकडा त्यात घेतला तर सगळा हिशेब फसतो.

उजवीकडच्या रकान्यात टक्केवारी असते आणि मला सर्वाधिक वेळ लागला तो तिथेच. कॅल्शियमपुढे ७७ टक्के, मॅग्नेशियमपुढे ९५ टक्के, झिंकपुढे २२७ टक्के, ‘ड’पुढे ७५ टक्के. ही टक्केवारी ‘डेली व्हॅल्यू’ नावाच्या एका ठरावीक आकड्याशी काढलेली असते, आणि तो आकडा चार वर्षांच्या मुलापासून म्हाताऱ्या माणसापर्यंत सर्वांसाठी एकच असतो. कॅल्शियमसाठी तो १३०० मिलिग्रॅम आहे. तिथल्या शिफारशींत एवढी गरज नऊ ते अठरा वर्षांच्या मुलामुलींची धरलेली आहे. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीसाठी शिफारस १२०० मिलिग्रॅमची आहे आणि त्यात आहारातले कॅल्शियमही मोजायचे असते. त्यामुळे ‘७७ टक्के’ वाचून उरलेले तेवीस टक्के कुठून आणायचे, असा विचार करण्यात अर्थ नव्हता. दूध, दही आणि अधूनमधून नाचणीची भाकरी यांतून आईला अंदाजे पाचशे मिलिग्रॅम मिळतच होते.

मग २२७ टक्के झिंक पाहून घाबरायचे का? आणि मॅग्नेशियमचे ९५ टक्के पाहून निश्चिंत व्हायचे का? माझे उत्तर दोन्ही ठिकाणी उलटे आले. टक्केवारी गरजेच्या तुलनेत सांगते. रोज किती घेतले तर चालेल, याची वरची मर्यादा त्या चौकटीत कुठेच नसते. ती अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या आहारपूरकविषयक पत्रकांतून मला शोधावी लागली. प्रौढांसाठी झिंकची मर्यादा दिवसाला ४० मिलिग्रॅम आहे. तीन गोळ्यांतले २५ मिलिग्रॅम जेवणातल्या झिंकसह धरले तरी साधारणपणे तिच्या आत राहतात. मॅग्नेशियमची गोष्ट चमत्कारिक आहे. त्याची डेली व्हॅल्यू ४२० मिलिग्रॅम आहे, पण गोळ्या-औषधांतून घेण्याची वरची मर्यादा ३५० मिलिग्रॅमच आहे, कारण त्यापुढे जुलाब होण्याची शक्यता वाढते. अन्नातल्या मॅग्नेशियमला ही मर्यादा लागू नाही. तेव्हा ज्या ओळीत टक्केवारी शंभराच्या आत होती, तीच मर्यादा ओलांडत होती.

‘ब-१२’च्या बाटलीने हाच मुद्दा दुसऱ्या टोकाने दाखवला. तिच्यावर १००० मायक्रोग्रॅम आणि त्यापुढे ४१,६६७ टक्के असा आकडा होता. आईने तो वाचून बाटली लगेच माझ्याकडे सरकवली. ‘ब-१२’ची डेली व्हॅल्यू २.४ मायक्रोग्रॅम आहे, त्यामुळे भागाकार बरोबरच होता. पण इतक्या मोठ्या मात्रेतले जेमतेम एखादा टक्का शरीरात शोषले जाते, आणि या जीवनसत्त्वासाठी वरची मर्यादा ठरवलेलीच नाही. आई पूर्ण शाकाहारी आहे, आणि दूध-दह्यापलीकडे ‘ब-१२’ मिळण्याचा तिला मार्ग नाही. तिन्ही बाटल्यांत मला सर्वांत कमी चिंतेची वाटली ती हीच.

‘ड’ जीवनसत्त्वासाठी मात्र एकके जुळवावी लागली. नव्या चौकटीत ते मायक्रोग्रॅममध्ये असते आणि आययूचा आकडा सोबत छापणे ऐच्छिक आहे. इथले डॉक्टर सगळे आययूतच बोलतात. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू, एवढे लक्षात ठेवले की पुरे. डेली व्हॅल्यू २० मायक्रोग्रॅम, म्हणजे ८०० आययू आहे. जुन्या नियमांत ती ४०० आययू होती, त्यामुळे जुनी बाटली घरात असेल तर तिच्यावरची टक्केवारी नव्या बाटलीच्या टक्केवारीशी ताडून पाहू नये. मात्राच ताडून पाहावी. आईचे साप्ताहिक पाकीट ६०,००० आययूचे, म्हणजे १५०० मायक्रोग्रॅमचे, आणि दिवसाच्या सरासरीने सुमारे ८,५७० आययूचे. प्रौढांनी स्वतःच्या मनाने घेण्याची वरची मर्यादा दिवसाला ४००० आययू आहे. पाकीट डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक काळापुरते आहे, म्हणून तो प्रश्न वेगळा. परंतु त्याच आठवड्यांत बाटलीतले आणखी ६०० आययू रोज वर चढवण्याची काहीच गरज नव्हती.

शेवटी कॅल्शियमची बेरीज केली. इथल्या दोन गोळ्यांचे १०००, बाटलीतल्या तीन गोळ्यांचे १००० आणि आहारातले सुमारे ५००, असे अडीच हजार मिलिग्रॅम झाले. पन्नाशीनंतर आहार आणि गोळ्या मिळून वरची मर्यादा २००० मिलिग्रॅमची आहे, आणि आईला पूर्वी मूतखड्याचा त्रास झालेला आहे. शिवाय कॅल्शियम एका वेळी पाचशे मिलिग्रॅमच्या आत असेल तर अधिक चांगले शोषले जाते, आणि कार्बोनेटचे रूप जेवणासोबत घ्यावे लागते. सकाळी उपाशीपोटी एकदम तीन गोळ्या घेण्यात म्हणूनही फायदा नव्हता.

हा कागद मी डॉक्टरांपुढे ठेवला. बाटलीवरचे टक्के मी त्यात लिहिलेच नव्हते. प्रत्येक घटकाची एका गोळीतली मात्रा, रूप आणि एकक एवढेच होते. त्यांनी दुपारच्या जेवणानंतर इथली एक गोळी आणि रात्रीच्या जेवणानंतर बाटलीतली एक, असे ठरवून दिले. आहार धरून कॅल्शियम साधारण १३३० मिलिग्रॅमवर आले, गोळीतले मॅग्नेशियम १३३ वर राहिले आणि पाकिटांचा क्रम संपल्यावर ‘ड’ची रक्ततपासणी करून पुढचे ठरवायचे, असे ते म्हणाले. ‘ब-१२’ आठवड्यातून दोनदा पुरे, हेही त्यांनीच सांगितले.

राहिली हळदीची बाटली. तिच्या चौकटीत एका जाड आडव्या रेघेखाली ‘प्रोप्रायटरी ब्लेंड १२०० मिलिग्रॅम’ असे होते आणि त्याखाली हळदीचा कंद, सालई गुग्गुळ, आले वगैरे सहा नावे. टक्केवारीच्या जागी सर्वत्र कट्यारीसारखे चिन्ह होते. त्याचा अर्थ तळटीपेत दिलेला असतो की, या घटकासाठी डेली व्हॅल्यू ठरवलेली नाही. अशा मिश्रणात एकूण वजन तेवढे सांगावे लागते आणि घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. म्हणजे हळद पहिली असल्यामुळे ती दोनशे मिलिग्रॅमपेक्षा कमी नसणार, पण त्यापुढे ती तीनशे आहे की अकराशे, हे चौकटीतून काढताच येत नाही. आई रक्त पातळ करणारी गोळी घेते, त्यामुळे डॉक्टरांना हाच आकडा हवा होता. तो नसल्यामुळे त्यांनी ती बाटली सुरू करू दिली नाही.

“अगं ताई, पण ती सगळ्यांत महाग होती,” भाऊ म्हणाला. आता काही विकत घेण्याआधी तो मला दोन फोटो पाठवतो: एक संपूर्ण चौकटीचा, सर्व्हिंग साइजची ओळ दिसेल असा, आणि दुसरा तिच्याखालच्या ‘अदर इन्ग्रेडिएंट्स’ या ओळीचा, कारण कॅप्सूलचे वेष्टन जिलेटिनचे आहे की वनस्पतिजन्य, हे शाकाहारी आईसाठी तिथेच कळते.