सकाळचा उजेड आणि ठरलेली जेवणे : बारा आठवड्यांची नोंद

शरीराच्या घड्याळाच्या नोंदी ठेवणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी पहिल्याच महिन्यात जी चूक केली असेल, ती मीही केली. तिच्यापासूनच ही नोंद सुरू करतो, कारण पुढचे सारे प्रयोग ती चूक समजल्यावर बदलले.

मी पुण्यात घरूनच भाषांतराचे काम करतो. मे महिन्याच्या आरंभी माझी झोप रात्री सव्वाच्या सुमारास लागत असे आणि गजर न लावता सकाळी सव्वानऊला जाग येत असे. दुपारचे जेवण एक ते साडेतीन यांच्यामध्ये कधीही होई आणि रात्रीचे दहानंतर. रोज संध्याकाळी सहा वाजता मी उणे पाच ते अधिक पाच या पट्टीवर मनःस्थितीचा एक आकडा लिहितो. एप्रिलच्या शेवटच्या दोन आठवड्यांत तो उणे तीन आणि अधिक तीन यांच्यामध्ये हेलकावत होता. मला सरासरी वाढवायची नव्हती, हे हेलकावे कमी करायचे होते.

सकाळचा उजेड घ्यायचा म्हणजे सूर्योदयाला बाहेर पडायचे, अशी माझी समजूत होती. म्हणून ५ मेपासून साडेपाचचा गजर लावून मी वेताळ टेकडीवर जाऊ लागलो आणि पावणेसातपर्यंत घरी परतू लागलो. नऊ दिवसांनी नोंदवही पाहिली, तर रात्रीची झोप अलीकडे येण्याऐवजी पावणेदोनपर्यंत लांबली होती, दुपारी दीड-दोन तास डोळा लागत होता आणि संध्याकाळचा आकडा तीनदा उणे तीनवर गेला होता.

याचा उलगडा उजेडाच्या परिणामाच्या दिशेत आहे. शरीराचे आतील तापमान रात्रीच्या उत्तरार्धात नीचांकाला पोहोचते, आणि हा नीचांक सामान्यतः आपल्या स्वाभाविक जागेच्या दोन ते तीन तास आधी येतो. नीचांकानंतर डोळ्यांवर पडलेला उजेड मेंदूतील मुख्य घड्याळ अलीकडे आणतो, तर त्याआधीच्या तासांत पडलेला उजेड ते पुढे ढकलतो. म्हणजे शरीर त्या उजेडाला लांबलेली संध्याकाळ समजते. माझी स्वाभाविक जाग सव्वानऊची असल्याने माझा नीचांक पावणेसातच्या आसपास असणार, आणि टेकडीवर घेतलेला जवळजवळ सगळा उजेड त्याच्या आधीच पडत होता. अपुरी रात्र आणि दुपारची झोप यांचाही त्यात वाटा होता, हे मान्य करूनही मुख्य दोष मी वेळेच्या निवडीलाच देतो. जगाची सकाळ झाली होती, पण माझ्या शरीरात अजून रात्र होती.

पाच दिवस सर्व थांबवून १९ मेपासून मी उलट बाजूने आरंभ केला. गजर पावणेनऊला, उठल्यावर दहा मिनिटांच्या आत इमारतीच्या गच्चीवर, तेथे चाळीस मिनिटे. दर चार दिवसांनी गजर पंधरा मिनिटे अलीकडे घ्यायचा. मात्र त्या चारांपैकी किमान दोन दिवस गजराच्या आधी आपोआप जाग आली असेल तरच. ही अट मला फार उपयोगी पडली. साडेसातच्या टप्प्यावर मी अकरा दिवस अडकलो, कारण रोज गजरच उठवत होता आणि दहाच्या सुमारास डोळे जड होत होते. म्हणजे गजर अलीकडे आला होता आणि शरीराचे घड्याळ मागे राहिले होते. तेथे घाई केली असती, तर उजेड पुन्हा नीचांकाच्या आधी पडू लागला असता. जूनच्या शेवटी पावणेसातची जाग स्थिर झाली आणि झोप पावणेअकराला लागू लागली.

उजेडाच्या मात्रेविषयी थोडे सांगायला हवे. मोबाइलमधील प्रकाशमापकाने माझ्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली दीडशे लक्सच्या आसपास उजेड दिसला, खिडकीपासून दोन मीटर आत चारशे, तर गच्चीवर जूनमधील ढगाळ सकाळी साडेचार हजार. हे मापक काटेकोर नसते, परंतु येथील फरक दहापटींचा असल्याने तेवढ्यावर भागते. पावसाळ्यात पुष्कळ जण प्रयोग सोडून देतात. प्रत्यक्षात दाट ढगांखालचे आकाशही घरातील दिव्यांपेक्षा कितीतरी उजळ असते. पावसात मी जिन्याच्या माथ्यावरील छपराखाली, आकाश समोर दिसेल असा बसलो आणि वेळ साठ मिनिटांवर नेली. सूर्याकडे थेट पाहण्याची मुळीच गरज नसते आणि तसे पाहूही नये.

जेवणांच्या बाबतीत मला दिशा दिली ती इंग्लंडमधील सरे विद्यापीठाच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने. त्यात दहा निरोगी तरुणांची तिन्ही जेवणे पाच तास उशिरा ठेवली, तेव्हा रक्तातील साखरेची लय साडेपाच तासांहून अधिक मागे गेली, पण मुख्य घड्याळाची वेळ दाखवणाऱ्या मेलाटोनिन आणि कॉर्टिसॉल या संप्रेरकांच्या लयी जागच्या हलल्या नाहीत. मुख्य घड्याळ उजेडाचे ऐकते आणि शरीराच्या इतर भागांतील घड्याळे जेवणाचेही ऐकतात. केवळ उजेड अलीकडे आणून रात्रीचे जेवण साडेदहालाच ठेवले, तर ही घड्याळे एकमेकांपासून दुरावतात, आणि मेमधील त्या नऊ दिवसांत मी नेमके हेच करत होतो. म्हणून जेवणाच्या वेळा मी भिंतीवरच्या घड्याळाऐवजी उठण्याच्या वेळेला बांधल्या : नाश्ता उठल्यापासून एका तासात, दुपारचे जेवण पावणेसहा तासांनी, रात्रीचे तेरा तासांनी. गजर पंधरा मिनिटे सरकला, की तिन्ही जेवणे तेवढीच सरकत. आता रात्रीचे ताट पावणेआठला वाढले जाते आणि झोपेआधी तीन तास मोकळे राहतात.

वेळ चुकली असे केव्हा मानायचे, यासाठी मी मनःस्थितीच्या उपचारांत वापरल्या जाणाऱ्या सामाजिक लयीच्या, म्हणजे रोजच्या ठरावीक कामांच्या वेळांच्या, मापनातील पाऊण तासाची मर्यादा घेतली आहे. नेहमीच्या वेळेच्या अलीकडे-पलीकडे पंचेचाळीस मिनिटांत जेवण झाले, तर ते वेळेवर झाले असे मी लिहितो. जून आणि जुलैच्या दोन संकष्टींना चंद्रोदय दहाच्या सुमारास असल्याने जेवण दोन तासांहून अधिक लांबले. दुसऱ्या दिवशी पोट जड होते, पण उठणे आणि गच्चीवरचा उजेड वेळेवर ठेवल्याने जागेची वेळ हलली नाही. याउलट जुलैतील एका रविवारी मी नऊपर्यंत झोपलो आणि बुधवारपर्यंत झोप लांबत राहिली.

२७ जुलैला बारा आठवडे पूर्ण झाले. शेवटच्या चौदा दिवसांतील आकडे उणे एक ते अधिक दोन यांमध्ये आहेत. सरासरी फक्त अर्ध्या अंकाने वाढली, पण पसारा निम्म्यावर आला. एकाच माणसाची ही नोंद असल्याने ती त्याहून अधिक सिद्ध करत नाही.

ज्यांना द्विध्रुवी विकार आहे, त्यांनी हा क्रम आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारूनच घ्यावा, कारण सकाळच्या तीव्र उजेडाने काहींना उन्मादाकडे ढकलल्याचे आढळले आहे. कमी झोपूनही थकवा न येणे आणि विचार वेगाने धावणे ही थांबण्याची खूण आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा परस्पर बदलू नयेत.

पुढची अडचण हिवाळ्याची आहे. पुण्याचे रेखांश भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापेक्षा सुमारे पावणेनऊ अंशांनी पश्चिमेला असल्याने येथील सूर्य सरासरी पस्तीस मिनिटे मागे असतो, आणि जानेवारीत तो सात वाजून गेल्यावर उगवतो. तेव्हा पावणेसातला गच्चीवर अंधारच असेल. उठण्याची वेळ तीच ठेवून नाश्ता आधी आणि उजेड साडेसातला, असा क्रम मी डिसेंबरपासून लावणार आहे आणि जाग मागे सरकते का, ते फेब्रुवारीपर्यंत नोंदवणार आहे.